इन्व्हर्टरमधलं लोखंड गेलं, त्याचं काम आता कोण करतं?

माझा मावसभाऊ चिपळूणजवळ राहतो. मार्च महिन्यात त्यानं घरावर 3 किलोवॅटचे सोलर पॅनेल बसवून घेतले. एप्रिल-मे झकास गेला, बिल शंभर-दीडशेवर आलं. जूनमध्ये पाऊस लागला आणि घरातली लाइट जायला लागली. गावातली लाइट गेली म्हणून नव्हे, घरातलाच मेन बोर्डवरचा मोठा स्विच पडत होता. वहिनींनी दोन-तीन दिवसांत निष्कर्ष काढला, ‘‘मी वॉशिंग मशीन लावलं की जाते.’’ मशीनवाल्याला बोलावलं. त्यानं मशीन उघडलं, पुसलं, साडेतीनशे रुपये घेतले आणि मशीन ठणठणीत असल्याचं सांगून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस, मशीन, खट्ट.

मग वायरमन आला. त्यानं सोलरचा इन्व्हर्टर बंद केला, मशीन लावलं, स्विच पडला नाही. इन्व्हर्टर चालू केला, पडला. त्यानं छपरावर जाऊन पॅनेलच्या चौकटीला जोडलेली हिरवी वायर सोडवली, आणि स्विच पडायचा थांबला. ‘‘दादा, अर्थिंगमुळे होत होतं. आता बघा, काही त्रास नाही,’’ असं म्हणून तो निघून गेला.

भावानं मला फोनवर हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. मी त्याला आधी इन्व्हर्टर बंद करायला लावला आणि छपरावर कुणालाही चढू देऊ नकोस म्हणून बजावलं. वायरमननं जे केलं त्यानं स्विच पडायचा थांबला, हे अगदी खरं होतं. त्याच कृतीनं ते छप्पर धोक्याचं झालं होतं, हेही तितकंच खरं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजून घ्यायचं तर इन्व्हर्टरच्या खोक्यात काय असतं आणि आता काय नसतं, तिथून सुरुवात करावी लागते.

दोन खोकी

आपल्याकडे ‘इन्व्हर्टर’ म्हटलं की जिन्याखाली बॅटरीशेजारी गुणगुणत बसलेलं जड खोकं आठवतं. त्यातला बहुतेक भार ट्रान्सफॉर्मरचा असतो. लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. बॅटरीचे 12 व्होल्ट चढवून 230 करायला तो तिथं लागतोच. सोलरचा इन्व्हर्टर वेगळा. त्याच्याकडे छपरावरून डीसी वीज येते. आठ-दहा पॅनेल एकापाठोपाठ एक जोडले की तीनशे-चारशे व्होल्ट सहज होतात. त्याची 230 व्होल्टची एसी वीज करून महावितरणच्या लाइनला जुळवून सोडायची, एवढं त्याचं काम. सुरुवातीच्या काळात याही खोक्यांमध्ये मोठा ट्रान्सफॉर्मर असे.

ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वेटोळ्यांचा एकमेकांशी तारेनं काही संबंध नसतो. एकात वीज खेळते, तिच्या चुंबकत्वानं दुसऱ्यात वीज उठते. म्हणजे पॅनेल एका बाजूला, महावितरणची लाइन दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये भिंत. विजेचा धक्का बसायला मंडल पूर्ण व्हावं लागतं. पॅनेलच्या एका वायरीला चुकून हात लागला तरी ती वीज तुमच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून परत पॅनेलकडे येऊ शकत नाही, कारण भिंत आड येते. दोन वायरींना एकदम हात लागला तर मात्र ही भिंत काही कामाची नाही. तीनशे-चारशे व्होल्टचा डीसी झटका तुम्ही कोणताही इन्व्हर्टर घेतला तरी बसणारच.

या भिंतीची किंमत मोजावी लागते. गाभ्याच्या लोखंडात आणि तांब्याच्या तारेत वीज उष्णतेच्या रूपानं वाया जाते. अशा इन्व्हर्टरची कार्यक्षमता साधारण 93 ते 95 टक्के असते, आणि घरगुती खोक्याचं वजन पस्तीस-चाळीस किलोपर्यंत जातं. ट्रान्सफॉर्मर काढून टाकला की कार्यक्षमता 97-98 टक्क्यांवर जाते आणि खोकं एका माणसाला उचलून भिंतीवर टांगता येतं.

जर्मनीत हा बदल आधी आला. अमेरिकेत वेळ लागला, कारण तिथल्या विद्युत नियमावलीनुसार पॅनेलची एक वायर जमिनीला जोडणं बंधनकारक होतं, आणि तसं केलं तर मध्ये ट्रान्सफॉर्मर हवाच. 2005 च्या आवृत्तीत तिथं न जोडलेल्या पॅनेलना परवानगी मिळाली. आपल्याकडे घरांवर सोलरची लाट आली तोवर हा प्रश्न मिटलेला होता. 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्य घर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, त्यामुळे हाच आकार घरोघरी दिसतो, आणि त्यासोबत येणारा इन्व्हर्टर जवळपास नेहमी बिनट्रान्सफॉर्मरचा असतो. माहितीपत्रकात `Topology` समोर `Transformerless` किंवा `Non-isolated` असं लिहिलेलं सापडेल.

छपरावरचा कंडेन्सर

भिंत गेली की पॅनेल आणि महावितरणची लाइन थेट नात्यात येतात. याचा पहिला परिणाम म्हणजे गळतीचा प्रवाह. ‘गळती’ म्हटलं की काहीतरी फुटलंय, कुठंतरी वायर सोललीय असं वाटतं. इथं तसं काही नसतं. पॅनेल नवाकोरा असला तरी ही गळती होतेच.

घरातल्या पंख्याचा कंडेन्सर तुम्ही पाहिला असेल. दोन धातूचे पापुद्रे आणि मध्ये वीज न जाऊ देणारा थर, एवढाच तो असतो. डीसी वीज त्यातून जात नाही, पण मागेपुढे झुलणारी एसी वीज जाते. आता सोलर पॅनेलकडे बघा. आत सेल, म्हणजे वीजवाहक पापुद्रा. वर काच, खाली प्लास्टिकचा थर. बाहेर ॲल्युमिनियमची चौकट, जमिनीला जोडलेली. हा नकळत तयार झालेला, छपराएवढा मोठा कंडेन्सरच आहे. नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलमध्ये दर किलोवॅटमागे त्याची क्षमता साधारण 50 ते 150 नॅनोफॅरड भरते. काच ओली झाली की आकडा वर सरकतो, कारण पाण्याचा पातळ थर चौकटीला टेकून काचभर पसरतो आणि बाहेरचा पापुद्रा एकदम मोठा होतो.

नुसता कंडेन्सर असून गळती होत नाही, त्याच्यावर झुलणारा दाब हवा. ट्रान्सफॉर्मर असताना पॅनेलवर तो जवळजवळ नसतो. बिनट्रान्सफॉर्मरच्या सिंगल फेज इन्व्हर्टरमध्ये मात्र पॅनेलच्या दोन्ही वायरी मिळून जमिनीच्या तुलनेत वरखाली झुलत राहतात, आणि हा दाब फेजच्या निम्मा, म्हणजे 115 व्होल्ट असतो. साध्या रचनेत तर हा दाब सेकंदाला हजारो वेळा उड्या मारायचा आणि गळती अँपिअरच्या घरात जायची. फ्राउनहोफर संस्थेची ‘हेरिक’ आणि एसएमए कंपनीची ‘एच-5’ अशा रचना आल्या, त्यांनी त्या उड्या थांबवल्या. उरला तो 50 हर्ट्झचा संथ झोका.

किती गळती होईल ते शाळेतल्या सूत्रानं काढता येतं:

```
I = 2πfCV
```

भावाच्या घरी 3 किलोवॅट. कोरड्या दिवशी किलोवॅटमागे 100 नॅनोफॅरड धरले तर एकूण 300. 50 हर्ट्झ आणि 115 व्होल्ट घातले की उत्तर येतं सुमारे 11 मिलिअँपिअर. पावसात 150 धरले तर एकूण 450 नॅनोफॅरड, आणि गळती 16 मिलिअँपिअर. हा प्रवाह चौकटीतून हिरव्या वायरीनं खाली उतरतो, अर्थिंगच्या खड्ड्यातून जमिनीत जातो आणि डीपीच्या न्यूट्रलचं अर्थिंग असतं तिथून परत लाइनीत येतो. मंडल पूर्ण.

मशीनवर आलेला आळ

आता तो पडणारा स्विच. तो आरसीसीबी. जुनी माणसं त्याला ईएलसीबी म्हणतात. फेजनं जेवढी वीज आत गेली तेवढीच न्यूट्रलनं परत आली की नाही, एवढंच तो मोजत बसतो. फरक पडला म्हणजे वीज भलत्या वाटेनं जमिनीत गेली, कदाचित कुणाच्या अंगातून. घरगुती आरसीसीबीवर 30 मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. प्रमाणकाप्रमाणे तो 15 च्या खाली पडायचा नाही आणि 30 ला पडायलाच हवा. मधल्या पट्ट्यात कुठं पडेल ते ज्याच्या त्याच्या नशिबावर.

पुढच्या शनिवारी मी चिपळूणला गेलो. मिलिअँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर सोबत होता. त्याच्या जबड्यात फेज आणि न्यूट्रल एकदम धरायचे, म्हणजे जाणारं-येणारं एकमेकांना छेदून नुसता फरक दिसतो. आधी छपरावरची हिरवी वायर पुन्हा जोडली. इन्व्हर्टर बंद ठेवून घर मोजलं: 4. फ्रिज, टीव्ही, राउटर यांच्या फिल्टरमधून होणारी ही नेहमीची, निरुपद्रवी गळती. मशीन लावलं: 6. मशीन बंद करून इन्व्हर्टर चालू केला. आभाळ होतं पण काचा कोरड्या होत्या: 15. मग पावसाची सर आली. मीटरचा आकडा डोळ्यांदेखत चढत गेला आणि 20 वर थांबला. ‘‘वहिनी, लावा मशीन,’’ म्हटलं. 21 दिसले, पुढचा आकडा बघायच्या आत खट्ट आणि घर अंधारात.

मशीननं फक्त शेवटचे दोन मिलिअँपिअर घातले होते. ओझ्याचा मोठा वाटा छपरावरच्या पावसाचा होता, पण आळ मशीनवर आला. रात्री कितीही पाऊस पडला तरी स्विच पडत नव्हता, हीच खरी खूण होती. रात्री इन्व्हर्टर आपल्या रिलेनं लाइनीपासून सुटलेला असतो, मग झुलता दाबही नाही आणि गळतीही नाही.

वायर सोडली की काय होतं

आता वायरमनच्या उपायाकडे या. हिरवी वायर सोडल्यावर गळतीची वाट तुटली, म्हणून आरसीसीबीला फरक दिसेना. पण तो 115 व्होल्टचा झोका कुठं गेला नाही. तो चौकटीवर येऊन बसला, वाट बघत. अशा चौकटीला टेस्टर लावला तर दिवा मिणमिणतो.

आता पॅनेल धुवायला कुणीतरी चढतं. हातात ओला मॉप, पायाखाली ओला स्लॅब. त्यानं चौकटीला हात लावला की तुटलेली वाट पुन्हा जोडली जाते, फक्त आता तारेच्या जागी माणूस. ओल्या अंगाचा विरोध हजार-दोन हजार ओहम. त्या कंडेन्सरचा विरोध याच्या कितीतरी पट जास्त, त्यामुळे माणूस मध्ये आला तरी प्रवाह फारसा घटत नाही. 10-15 मिलिअँपिअर अंगातून जातात. दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. आरसीसीबी याला पडेलच असं नाही, कारण आकडा त्याच्या हद्दीच्या आतला आहे. इतका झटका माणसाला बहुधा मारत नाही, पण उतरत्या छपराच्या कडेला दचकून मागे सरलेला माणूस खाली जातो.

भावाच्या घरी शेवटी काय केलं ते साधं आहे. सोलरची जोडणी घराच्या आरसीसीबीच्या पुढे, म्हणजे घरच्या प्लगांच्या वाटेवर केलेली होती. ती तिथून काढून मीटरच्या बाजूनं स्वतंत्र घेतली आणि तिला तिचा स्वतःचा, इन्व्हर्टर बनवणाऱ्यानं सांगितलेल्या क्षमतेचा आरसीसीबी दिला. घरासाठी 30 मिलिअँपिअरचा होता तसाच राहिला. आता त्याला फक्त घरातले 4-6 मोजायचे आहेत. पावसाची गळती तिच्या वाटेनं जाते, कुणाला कळतही नाही.

आरसीसीबी बदलताना आणखी एक गोष्ट बघावी लागते. घरात सर्रास दिसतो तो ‘एसी’ प्रकारचा. त्याच्या तोंडावर फक्त एक नागमोडी रेघ असते. आतल्या कडीला झुलती वीजच कळते. बिनट्रान्सफॉर्मरच्या इन्व्हर्टरमध्ये बिघाड झाला तर पॅनेलची सरळ डीसी वीज घराच्या बाजूला शिरू शकते, आणि तशी वीज त्या कडीला बधिर करून टाकते. मग खरा धोका आला तरी तो स्विच पडत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय प्रमाणक इथं ‘बी’ प्रकार मागतं. इन्व्हर्टरमधून डीसी बिघाड बाहेर येऊच शकत नाही असं बनवणाऱ्यानं लेखी दिलं असेल तरच त्यातून सूट आहे. ‘बी’ महाग असतो. इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत याबद्दल एक ओळ असतेच, ती वाचून मगच दुकानात जावं.

खोक्यातला पहारेकरी

ट्रान्सफॉर्मरची भिंत गेली तेव्हा तिच्या जागी इन्व्हर्टरमध्ये दोन पहारे बसवले गेले. पहिला रोज सकाळी, लाइनीला जोडण्याआधी. पॅनेलच्या वायरी आणि जमीन यांच्यातला विरोध तो मोजतो, आणि तो पुरेसा नसेल तर इन्व्हर्टर सुरूच होत नाही. पडद्यावर `PV Isolation Low` किंवा `Low Insulation Resistance` असं येतं. दुसरा पहारा दिवसभर चालतो. संथपणे वाढणारी गळती, म्हणजे पावसाची, तो घरगुती इन्व्हर्टरमध्ये 300 मिलिअँपिअरपर्यंत चालवून घेतो. पण एकाएकी 30 मिलिअँपिअरची उडी दिसली, म्हणजे कुणाचा तरी हात लागल्यासारखी, तर 0.3 सेकंदाच्या आत लाइनीपासून सुटतो. नुसता आकडा न बघता तो आकडा कसा बदलला हे बघतो, ही त्याची हुशारी.

म्हणून दोन तक्रारी वेगळ्या ओळखायच्या. इन्व्हर्टर चालू आहे आणि घरातला आरसीसीबी पावसात पडतोय, तर बहुधा तो कंडेन्सर आहे आणि जोडणी बदलून प्रश्न सुटतो. पण सकाळी दव असताना इन्व्हर्टर वरचा संदेश देतो आणि दहाच्या उन्हात आपोआप सुरू होतो, तर ती खरी गळती आहे: कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय, वायर पत्र्याच्या कडेला घासून सोललीय किंवा उंदरानं कुरतडलीय. ऊन आलं की सुरू होतं म्हणून ते सोडून देऊ नये. आणि कुणी जुन्या सवयीनं पॅनेलची निगेटिव्ह वायर अर्थिंगला जोडली असेल तर बिनट्रान्सफॉर्मरचा इन्व्हर्टर अजिबात सुरू होणार नाही, आणि होऊही नये.

मग घ्यावा कोणता?

हिशेब करू. आपल्याकडे 3 किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी 12 युनिट देतात असं धरलं तर वर्षाला सुमारे 4,400 युनिट होतात. कार्यक्षमतेत तीन टक्क्यांचा फरक म्हणजे वर्षाला 130 युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर 1,300 रुपये. ही रक्कम छोटी वाटते, पण ती दर वर्षी येते. उष्णतेचा हिशेब याहून बोलका आहे. पूर्ण 3 किलोवॅट देताना 94 टक्क्यांचं खोकं सुमारे 190 वॅट उष्णता ओकतं, साडेसत्त्याण्णव टक्क्यांचं 75 वॅट. विदर्भात मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत भिंतीवर टांगलेल्या खोक्याला हा फरक जाणवतो. फार तापलं की कोणताही इन्व्हर्टर स्वतःहून वीज कमी करतो, आणि आतले भागही लवकर थकतात.

ट्रान्सफॉर्मरवाल्याची बाजू उरते ती काही ठिकाणी. काही पातळ फिल्मच्या पॅनेलना एक वायर जमिनीला जोडावीच लागते, नाहीतर आतला थर खराब होतो. तिथं त्याला पर्याय नाही. त्यांची गळतीची क्षमताही सिलिकॉनच्या कितीतरी पट असते. पण आपल्या घरांवर सिलिकॉनचे पॅनेल असतात. त्यांच्यासाठी बिनट्रान्सफॉर्मरचा इन्व्हर्टर घेण्यात काही चूक नाही. तो स्वस्त, हलका आणि जास्त वीज देणारा आहे. मात्र त्यातून चाळीस किलोचं लोखंड गेलं तेव्हा त्याचं सुरक्षेचं काम वाटून दिलं गेलं: थोडं खोक्यातल्या पहाऱ्याला, थोडं योग्य जागी बसवलेल्या योग्य आरसीसीबीला, आणि बरंचसं त्या हिरव्या वायरीला.

तेव्हा तुमच्या छपरावर पॅनेल असतील तर कोरड्या दिवशी, इन्व्हर्टर बंद करून, बसवणाऱ्याकडून मल्टिमीटरनं प्रत्येक चौकट ते अर्थिंगची पट्टी असं मोजून घ्या. आकडा एका ओहमच्या आत हवा. ॲल्युमिनियमच्या चौकटीवरचा मुलामा वीज जाऊ देत नाही, त्यामुळे नुसता नटबोल्ट आवळलेला असला तर वायर दिसते पण जोडलेली नसते. दातेरी वॉशर आहे का बघा. आणि स्विच पडतो म्हणून कुणी ती वायर सोडायला निघाला, तर त्याला खाली उतरवा.